त्यांचा कागद फाडा

"ताई, आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. ह्यांची पीथमपूरची नोकरी गेली, तरी दोन महिने डबा घेऊन रोज निघत राहिले. मला कळूच दिलं नाही. पुढे वर्षभर माझ्या शिकवण्यांवर घर चाललं. पेट्रोलच्या पैशांचासुद्धा मला हिशेब द्यायचे. आता नोकरी लागली आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर पुन्हा वचनं घ्यायची आहेत. ह्यांना बोलणं सुचत नाही, म्हणून दोघांचंही मीच लिहिलं. त्यांचं : 'पुन्हा कधीही काही लपवणार नाही, मला क्षमा कर.' माझं : 'नेहमीसारखीच पाठीशी उभी राहीन.' जरा सुधारून द्याल?"

त्यांचा कागद फाडून टाका. कबुलीजबाब त्यांचा, अक्षर तुमचं! आणि स्वतःसाठी मात्र प्रशस्तिपत्रक लिहिलंत. वाचताना माझं डोकंच फिरलं.

लग्नात 'धर्मे च अर्थे च कामे च नातिचरामि' हे त्यांनी गुरुजींच्या मागून म्हटलं असेल. कोवळ्या नवरदेवाला तेवढंच जमतं. यातल्या 'अर्थे च'लाच तुमच्या घरी तडा गेला, आणि ते वचन पुन्हा द्यायचं तर या वेळी मागून म्हणून चालायचं नाही. कोरा कागद त्यांच्या हातात द्या आणि आठ दिवस विचारू नका. चार ओळी आल्या तरी चार ओळीच वाचू देत.

क्षमा वगैरे मंडपात नको. दीर-जावा, व्याही समोर बसलेले असताना माणूस तोंडदेखलं बोलतो आणि घरी गेल्यावर त्याचा राग धरतो. डब्याचं बोलणं आधी घरी, दोघांतच होऊ दे. चारचौघांत त्या काळाचा उल्लेख एका वाक्यात पुरे : 'मधलं वर्ष आम्हाला जड गेलं.' कुणाची चूक, ते पाहुण्यांना कशाला?

आता तुमचा कागद. 'नेहमीसारखीच' खोडा. नेहमीसारखी उभी होतात, तर त्यांना पेट्रोलचा हिशेब का द्यावा लागला? नोकरी गेल्याचं घरी सांगायला ते का घाबरले, याचं थोडं उत्तर त्या हिशेबात आहे, असं मला वाटतं. 'कधीही', 'सदैव' हे शब्दही काढा. महिनाभरानं पाळलं की नाही हे दिसेल, असंच वचन द्या. तुमच्यापुरतं असं लिहिता येईल :

'मधलं वर्ष आपल्याला जड गेलं. घर मी चालवलं, पण तुम्हाला पैसे देताना माझा हात आखडायचा. यापुढे पैसे कुणीही आणोत, दर एक तारखेला दोघं मिळून हिशेबाला बसू. वाईट बातमी आणलीत, तर आधी तुम्हाला जेवायला वाढेन, मग विचारेन.'

एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागतं; एका मिनिटापुढे जाऊ नका. मोठ्या अक्षरात लिहा, आयत्या वेळी चष्मा सापडत नाही. आधी त्यांना बोलू द्या. ते मध्येच अडकले, तर पुढचा शब्द तुम्ही सुचवायचा नाही.