सगळ्या खर्चांना एकच महागाई दर लावू नका, आणि तो दर आपल्याच पावत्यांतून काढा

प्रश्न: मुलगी ३ वर्षांची आहे. तिचे शिक्षण, आजारपण आणि घरखर्च या सगळ्यांसाठी ६ टक्के महागाई धरून हिशेब केला तर चालेल का?

शिक्षणासाठी मुळीच चालणार नाही. आमच्या घरी याच ६ टक्क्यांवरून बरीच वर्षे वाद चालला, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझे थोरले भाऊजी बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की सरकारी महागाई निर्देशांक सहा टक्क्यांच्या आसपासच फिरतो, तेव्हा त्याहून जास्त दर धरणे म्हणजे विमा एजंटांच्या भीतीला बळी पडणे. परंतु २०१२ हे आधारवर्ष असलेल्या ज्या निर्देशांकाचा ते दाखला देत, त्यात अन्न व पेये यांचा भार जवळजवळ ४६ टक्के होता, तर शिक्षणाचा साडेचार टक्क्यांहूनही कमी आणि आरोग्याचा सहा टक्क्यांच्या आत. शिक्षण वर्षात १० टक्क्यांनी महागले तरी त्यामुळे तो आकडा अर्ध्या टक्क्यानेही हलत नाही. किराण्यासाठी तो ठीक आहे, फीसाठी नाही.

मी शिशुवर्गापासूनच्या फीच्या पावत्या फाइलला लावून ठेवते. एके दिवशी मी त्यातल्या दोनच पावत्या भाऊजींपुढे ठेवल्या. एकाच शाळेची वार्षिक फी आधी २८,००० रुपये होती आणि नऊ वर्षांनी ६६,००० रुपये झाली होती. एक्सेलमध्ये दर असा निघतो:

```
=(66000/28000)^(1/9)-1
```

उत्तर १० टक्के येते. त्यावर भाऊजी म्हणाले, "अगं, मुलगी वरच्या वर्गात गेली, म्हणून फी वाढली." हा आक्षेप रास्त होता, पण या पावत्यांना तो लागू नव्हता. दोन्ही पावत्या पाचवीच्याच होत्या, एक थोरलीची आणि दुसरी धाकटीची. तुलना नेहमी अशीच करावी. तीच शाळा आणि तोच वर्ग असेल तरच तो महागाईचा दर होय. मराठी शाळेतून सीबीएसईत घातल्यावर होणारी वाढ ही आपली निवड असते, आणि ती दरात न घालता आजच्या खर्चाच्या आकड्यात धरायची असते.

आता तुमचा हिशेब. समजा, खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाची आजची वार्षिक फी २ लाख आहे, वसतिगृह आणि मेसला वर्षाला १ लाख लागतात आणि प्रवेश १५ वर्षांनी आहे. फी चार वर्षे भरायची असल्याने १५, १६, १७ आणि १८ वर्षांनंतरची रक्कम वेगवेगळी काढून बेरीज करावी लागते. सरसकट ६ टक्क्यांनी एकूण सुमारे ३१.५ लाख येतात, तर सरसकट १० टक्क्यांनी ५८ लाखांच्या वर जातात. फीला १० टक्के आणि मेसला ६ टक्के लावले, तर फीचे ३८.८ लाख आणि राहण्याजेवणाचे साडेदहा लाख मिळून सव्वाएकोणपन्नास लाख होतात. भाऊजींच्या आकड्यापेक्षा हे जवळजवळ १८ लाखांनी जास्त आहेत, आणि घाबरून केलेल्या हिशेबापेक्षा ९ लाखांनी कमी. जेवणाचे दर फीच्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून खर्चाची फोड करायची.

वैद्यकीय खर्चात मात्र भाऊजी दुसऱ्या टोकाला गेले होते. सासूबाईंचा विम्याचा हप्ता एका वर्षी २५ टक्क्यांनी वाढला, तेव्हा ते लगेच म्हणाले, की वैद्यकीय महागाई २५ टक्के आहे. वास्तविक त्या वर्षी त्या वरच्या वयोगटात गेल्या होत्या. महागाई शोधायची असेल, तर त्याच पॉलिसीच्या जुन्या आणि नव्या दरपत्रकात एकाच वयाचा हप्ता ताडून पाहावा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, त्यामुळे त्याआधीच्या पावतीतून कर वजा करूनच तुलना करावी, नाहीतर वाढ आहे त्यापेक्षा कमी दिसते. वयानुसार होणारी वाढ हप्त्याच्या तक्त्यातून वेगळी मिळवावी. ती महागाईच्या दरात मिसळली, तर तीस वर्षांनंतरचा आकडा निरर्थक येतो.

भाऊजींचा अजूनही एक मुद्दा शिल्लक आहे, की गुंतवणुकीवर १० टक्के मिळाले की ४ टक्के खरा नफा उरतो. तो नफा किराण्याच्या बाबतीत उरेल. फीसुद्धा १० टक्क्यांनीच वाढत असेल, तर त्या ध्येयासाठी खरा नफा शून्य आहे, म्हणजे चार वर्षांच्या फीचे आजच्या भावाने होणारे ८ लाख रुपये आजच बाजूला असायला हवेत. हप्त्याहप्त्याने साठवणार असाल, तर दरवर्षीचा हप्तासुद्धा १० टक्क्यांनी वाढवावा लागेल, नाहीतर सुरुवातच मोठ्या हप्त्याने करावी लागेल.

माझा १० टक्के हा एका शाळेचा दर आहे आणि शाळेच्या फीवरून महाविद्यालयाचा अंदाज ढोबळच येतो, हेही सांगायला हवे. महाराष्ट्रात खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, त्यामुळे तुमच्या मनातल्या महाविद्यालयाची पाच-सहा वर्षांपूर्वीची आणि आजची मंजूर फी शोधून तिथला दर काढा. शासकीय महाविद्यालयाची खात्री असेल, तर आजचा मूळ आकडाच बराच लहान असेल.