दर आठ वर्षांनी दुप्पट होणाऱ्या मृत्युदरावरून वय कसे काढावे

प्रश्न : माणसाचा मृत्यूचा धोका दर ८ वर्षांनी दुप्पट होतो असे वाचले. चाळिसाव्या वर्षी तो वर्षाला ५०० मध्ये १ धरला, तर ५० मध्ये १ इतका धोका कोणत्या वयात येईल? आणि २ मध्ये १? सूत्र कसे मांडायचे तेही सांगा.

पहिल्याचे उत्तर साधारण साडेसहासष्ट वर्षे. दुसऱ्याचे उत्तर सूत्राने १०७ च्या पुढे येते, पण तिथे सूत्रावर विसंबता येत नाही. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण मधल्या वाटेवर पहिले उत्तरही थोडे सरकणार आहे.

आधी कागदाशिवाय अंदाज घेऊ. ५०० मध्ये १ पासून ५० मध्ये १ म्हणजे धोका दहापट व्हायला हवा. तीन वेळा दुप्पट केले की आठपट होते, म्हणजे २४ वर्षे, वय ६४. चार वेळा केले की सोळापट, वय ७२. दहापट या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. इथे पुष्कळ जण सरळ प्रमाण लावतात : आठ ते सोळा या अंतराचा पाव भाग म्हणून दोन वर्षे, म्हणून वय ६६. पण वाढ गुणाकाराने होत असल्यामुळे ही आठ वर्षे सारख्या पायऱ्यांची नसतात आणि उत्तर थोडे कमी येते. अचूक उत्तरासाठी दहापट होण्याकरिता किती दुपटी लागतात ते लॉगॅरिदमने विचारावे लागते :

```
x = x0 + T * log(m / m0) / log(2)
x = 40 + 8 * log(10) / log(2) = 66.6
```

यात `m0` हा `x0` या वयाचा दर, `m` हा हवा असलेला दर आणि `T` हा दुपटीचा काळ. लॉग कोणत्याही पायाचा चालतो, फक्त वर-खाली एकच पाया हवा. मी शिकत असताना वर नैसर्गिक लॉग आणि खाली दहाच्या पायाचा लॉग टाकून वय शंभरीपार नेले होते आणि अर्धा दिवस चूक आकडेवारीत शोधत बसलो होतो. उत्तर ६४ आणि ७२ च्या मध्ये आहे ना, हे तोंडी हिशोबाने आधी पाहिले असते तर ती वेळ आली नसती.

हा नियम बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्लिश विमागणितीने १८२५ मध्ये मांडला. पुढे १८६० मध्ये विल्यम मेकहॅमने त्यात एक दुरुस्ती केली, आणि आपल्या प्रश्नात ती चांगलीच महत्त्वाची ठरते. वयाबरोबर दुप्पट होत जातो तो झिजेमुळे येणारा धोका. अपघातासारख्या काही कारणांचा धोका मात्र वयावर फारसा अवलंबून नसतो. चाळिशीत एकूण दरच लहान असल्यामुळे हा स्थिर भाग त्यात बराच मोठा वाटा उचलतो, आणि आपण त्यालाही दुप्पट करत सुटलो तर पुढच्या वयांचा धोका फुगवून सांगतो.

उदाहरणापुरते धरा की चाळिसाव्या वर्षीच्या ०.००२ या दरापैकी ०.०००८ स्थिर आहे. मग वाढणारा भाग ०.००१२ उरतो. हवा असलेला दर ०.०२ आहे, त्यातूनही तोच स्थिर भाग वजा केला की ०.०१९२ राहतात. आता ०.०१९२ भागिले ०.००१२ म्हणजे बरोबर १६, म्हणजे चार दुपटी, म्हणजे ३२ वर्षे, आणि वय ७२. सुरुवातीचा दर तोच, शेवटचा दर तोच, दुपटीचा काळही तोच, तरी उत्तर पाच वर्षांहून अधिक पुढे गेले. म्हणून कोणी चाळिशीचा एकूण दर घेऊन थेट दुप्पट करत निघाला की माझा पहिला प्रश्न असतो, स्थिर भाग वजा केलास का?

तो वजा करायला हवा होता हे आकड्यांवरूनच कळते. वरच्या उदाहरणात ४८ व्या वर्षी एकूण दर ०.००३२ येतो, म्हणजे आठ वर्षांत दुप्पट नव्हे, तर केवळ १.६ पट. या दोन वयांवरून दुपटीचा काळ काढला तर तो जवळजवळ १२ वर्षे भरेल. उलट ७२ व्या वर्षी ०.०२ असलेला दर ८० व्या वर्षी ०.०३९२ होतो, म्हणजे १.९६ पट. तेव्हा आपल्याकडच्या मृत्युकोष्टकात दुपटीचा काळ वय वाढेल तसा आखडत जाऊन एका आकड्याशी स्थिरावत असेल, तर खालच्या वयांत स्थिर भाग मिसळलेला आहे असे समजावे. दराचा लॉग वयासमोर मांडला की हेच डोळ्यांना दिसते : उतारवयात रेघ सरळ असते आणि खालच्या टोकाला ती आडवी पडू लागते. तिशीच्या आत तर हा नियम लावूच नये, कारण जन्मानंतर धोका आधी घटत जातो आणि दहाव्या वर्षाच्या आसपास तो सर्वांत कमी असतो.

आणखी एक मर्यादा अशी की एका वर्षाचे कोष्टक हे त्या वर्षी जिवंत असलेल्या निरनिराळ्या वयांच्या माणसांचे असते. आज चाळिशीत असलेला माणूस ७२ चा होईल तेव्हाचे दर वेगळे असतील. आपण काढतो ते वय आजच्या कोष्टकातले असते.

आता २ मध्ये १. इथे दर आणि शक्यता हे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. दुप्पट होतो तो दर, आणि दराला वरची मर्यादा नसते. मूळच्या साध्या नियमाने ११२ व्या वर्षी नऊ दुपटी होतात आणि दर १.०२४ येतो. त्याला शक्यता मानले तर ती शंभर टक्क्यांच्या वर जाते, आणि इतके वय ओलांडून जगलेली माणसे तर आहेत. वर्षभरात मृत्यू येण्याची शक्यता दरावरून अशी काढतात :

```
q = 1 - exp(-m)
```

लहान धोक्यांत `q` आणि `m` जवळजवळ सारखेच असतात, म्हणून पहिल्या प्रश्नात हा भेद न पाळताही चालले. १.०२४ दराची शक्यता मात्र सुमारे ६४ टक्के भरते. शक्यता निम्मी हवी असेल तर दर ०.६९३ लागतो. तो चाळिशीच्या दराच्या सुमारे ३४७ पट, म्हणजे जवळपास साडेआठ दुपटी, आणि वय १०७.५. थेट ०.५ हाच दर धरणाऱ्याला १०३.७ मिळेल, ते चूक.

पण हे १०७.५ सुद्धा कागदावरचेच आहे. नव्वदीच्या पुढे दराची वाढ मंदावते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. २०१८ मध्ये इटलीतील १०५ वर्षांपुढच्या व्यक्तींच्या नोंदींवरून संशोधकांनी असे मांडले की तिथे वार्षिक शक्यता साधारण निम्म्यावर येऊन थबकते. त्यावर वाद आहे, कारण इतक्या वयाच्या नोंदी थोड्या असतात आणि वय नोंदवण्यातल्या मोजक्या चुकाही रेघ खाली वाकवू शकतात. मात्र ते निरीक्षण खरे धरले, तर २ मध्ये १ हा धोका एखाद्या वयाला ओलांडून पुढे जात नाही, तो १०५ नंतर तिथेच राहतो, आणि अशा सपाट रेघेवर दरावरून वय उलटे काढता येत नाही.