हंडा मोर्चाच्या आधी दोन आठवड्यांची नोंद

«आमच्या आळीला एक दिवसाआड सकाळी तासभर पाणी असतं. गेला महिनाभर वरच्या टोकाच्या घरांत दहा हंडेही भरत नाहीत आणि खालच्या टोकाला लोक गाड्या धुतात. फोन केला की 'पाणी सोडलंय' एवढंच उत्तर. पालिकेवर हंडा मोर्चा न्यायचं चाललंय. त्याआधी काही करता येईल का?»

'पाणी सोडलंय' हे उत्तर बहुतेक वेळा खरं असतं, आणि तुमची तक्रारही खरी असते. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालो. टाकीवरच्या नोंदवहीत व्हॉल्व्ह किती वाजता उघडला आणि टाकीत किती पाणी होतं एवढंच लिहिलेलं असतं. शेवटच्या घरातली धार तिथे कुणाला दिसत नाही. ती दाखवायचं काम तुम्हालाच करावं लागेल, पण ते अवघड नाही.

आळीतली तीन घरं निवडा: व्हॉल्व्हजवळचं पहिलं, मधलं आणि अगदी शेवटचं. पाण्याच्या प्रत्येक दिवशी तिघांनी एकाच वेळी मोजायचं. नळाला पाणी कधी आलं, कधी गेलं, आणि वीस लिटरची बादली भरायला किती वेळ लागला. नळ मात्र अंगणातला, जमिनीलगतचा हवा. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळावर मोजलंत तर सगळं फुकट.

समजा पहिल्या घरी पाणी 6 वाजता आलं आणि बादली दीड मिनिटात भरली. म्हणजे 7 वाजेपर्यंत साधारण 800 लिटर. शेवटच्या घरी ते 6 वाजून 25 मिनिटांनी आलं आणि बादलीला पाच मिनिटं लागली, तर उरलेल्या 35 मिनिटांत 140 लिटर. घरात पाच माणसं असतील आणि हे पाणी दोन दिवस पुरवायचं असेल, तर माणशी रोज 14 लिटर झाले. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीत माणशी रोज 135 लिटर धरलेत. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की आवाज चढवायची गरज उरत नाही.

दाब बघायचा असेल तर गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, आठ-दहा मीटर तरी हवी. एक टोक नळाला घट्ट बसवायचं, नळ पूर्ण उघडायचा आणि दुसरं टोक धरून जिना चढायचा. नळीतलं पाणी ज्या उंचीवर थांबेल तो तुमचा दाब. त्याच नियमावलीच्या 1999 च्या आवृत्तीत एकमजली वस्तीसाठी तो किमान 7 मीटर धरला होता. शेवटच्या टोकाला पाणी कमरेच्या वर चढत नसेल तर ते पहिल्या मजल्यावर जाणार कसं?

आता कारण शोधू. नोंदी नीट वाचल्या तर त्या पुष्कळ सांगतात. पहिली पाच-दहा मिनिटं शेवटच्या घरी धार चांगली आणि मग एकदम करंगळीएवढी, असं होत असेल तर आळीत थेट नळाला मोटारी लागताहेत. याची पक्की खूण म्हणजे वीज. पाण्याच्या वेळी आळीतली वीज गेली आणि वरच्या टोकाला धार सुधारली, तर दुसरा पुरावा नको. याउलट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळ्याच घरी धार बारीक असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही किंवा टाकी न भरताच पाणी सोडलं जातंय. रात्री जॅकवेलवरची, म्हणजे टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपांच्या विहिरीवरची, वीज गेली की टाकी अर्धीच भरते आणि सकाळी त्याच अर्ध्या टाकीवर वाटप होतं. नळातून आधी बराच वेळ फुसफुस हवा येत असेल तर वाहिनीतली हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह बघायला सांगा. आणि एकाच घराला त्रास असेल तर त्या नळजोडाचं फेरूल, म्हणजे मुख्य वाहिनीला नळ जोडणारा तुकडा, चोंदलं असणार. त्यासाठी मोर्चा नको, प्लंबर हवा.

तुमच्या वर्णनावरून मला मोटारींचा संशय जास्त आहे. पण खालच्या टोकाच्या लोकांना लगेच चोर ठरवू नका. वितरण वाहिनी आखताना सरासरीच्या दोन-तीन पट मागणी धरतात. एक दिवसाआड तासभर पाणी म्हणजे 48 तासांचं पाणी सगळ्यांना एका तासात ओढायचं असतं, म्हणजे सरासरीच्या 48 पट. असा मारा कुठलाच पाइप पेलत नाही. मग ज्याला भीती वाटते तो मोटार लावतो, आणि त्याची बघून शेजारी. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. तिथे ते साठवायची घाईच उरत नाही.

मोटारीचा आणखी एक तोटा शेजाऱ्यांना जरूर सांगा. मोटार वाहिनीत पोकळी करते आणि गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ते आधी मोटारवाल्याच्याच घरात पोचतं. हे ऐकल्यावर काही जण आपणहून बंद करतात. ज्यांना गच्चीवर पाणी चढवायचंच आहे त्यांनी जमिनीखाली हौद बांधावा, नळाचं पाणी आपल्या दाबाने त्यात पडू द्यावं आणि मोटार हौदावर बसवावी. आधी एकाच पाळीला पहिला अर्धा तास सगळ्यांनी मोटारी बंद ठेवून बघा. त्या दिवशीची शेवटच्या घराची नोंद आळीला दाखवा. सगळे ऐकतील असं नाही, दोन-तीन घरं अडतातच.

मग व्हॉल्व्हमनशी बोला. त्याला लोकांनी फक्त शिव्याच दिलेल्या असतात. चहा विचारून 'दादा, आमच्या आळीचा व्हॉल्व्ह किती आटे उघडता?' एवढं विचारलंत तर तो अशी माहिती देईल जी साहेबांनाही नसते.

त्यानंतर कनिष्ठ अभियंत्याला लेखी अर्ज द्या. 'पाणी सुरळीत करावे' असं लिहू नका; त्यावर 'कार्यवाही सुरू आहे' यापलीकडे काही येत नाही. अंमलात आणता येईल असं एकच काम मागा. उदाहरणार्थ: «आमच्या आळीत पहिल्या व शेवटच्या घरी मिळणाऱ्या पाण्याची दोन आठवड्यांची नोंद सोबत जोडली आहे. आळीच्या दोन्ही भागांना वेगवेगळे व्हॉल्व्ह बसवून वरच्या भागाला आधी अर्धा तास व नंतर खालच्या भागाला अर्धा तास पाणी द्यावे. आपण पाण्याच्या वेळी एकदा शेवटच्या घरी पाहणीस यावे, ही विनंती.» पाणी तेवढंच लागतं, फक्त वाटप बदलतं, म्हणून अभियंत्याला हो म्हणणं सोपं जातं. पण खालचा भाग चढाच्या पायथ्याशी असेल तर त्या अर्ध्या तासात त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवा, नाहीतर पाणी उतारानेच पळेल. अर्जावर पहिल्या आणि शेवटच्या, दोन्ही घरांच्या सह्या घ्या आणि आवक शिक्क्यासह पोच घ्या.

तीन आठवड्यांत कुणी फिरकलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. गेल्या दोन महिन्यांतली टाकीची पातळी आणि तुमच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडल्या-बंद केल्याच्या वेळा, यांच्या नोंदवहीची प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवस असते. ती नोंदवही तुमच्या नोंदीशेजारी ठेवली की पाणी टाकीवरच कमी पडतंय की वाटेत, हे कळेल. टाकीवरच कमी असेल तर प्रश्न एका आळीचा नाही, त्या टाकीवरच्या सगळ्या वस्त्यांचा आहे. मग मोर्चा न्यायचाच असला तर त्यांनाही बरोबर घ्या, आणि कागद हातात असू द्या.

आळीला किती चढ आहे आणि वाहिनी शेवटी बंद आहे की दुसऱ्या गल्लीला जोडलेली, हे कळवा. जोडलेली असेल तर पाणी वरून उलट बाजूनेही आणता येतं, आणि मग नवा व्हॉल्व्ह कदाचित लागणारही नाही.