गाडी निघण्याआधीची सूचना: गोदामाला नेमके काय कळवावे?

प्रश्न: आम्ही नाशिकहून भिवंडीच्या एका गोदामात माल पाठवतो. त्यांनी आता प्रत्येक गाडीआधी एएसएन, म्हणजे येणाऱ्या मालाची आगाऊ सूचना, मागितला आहे. इनव्हॉइसची प्रत पाठवली तर चालेल का?

उत्तर: नुसता इनव्हॉइस पुरत नाही, कारण त्यात माल किती रकमेचा आहे हे कळते, पण तो गाडीत कसा भरला आहे हे कळत नाही, आणि उतरवणाऱ्याला नेमके तेच हवे असते. मी काही वर्षे डिस्पॅच सांभाळला आहे, त्यावरून सांगतो.

समजा, ३२ फुटी कंटेनरमध्ये १६ पॅलेट आहेत आणि प्रत्येकावर ४० खोके, म्हणजे एकूण ६४० खोके. त्यांपैकी १२ पॅलेट एका वस्तूचे, ३ दुसऱ्या वस्तूचे आणि एक मिश्र, २५ व १५ खोक्यांचे, असेल तर सूचनेत हीच विभागणी लिहावी. शिवाय मिश्र पॅलेट दाराशी आहे की आत, हेही सांगावे. एवढ्यावरून गोदामवाल्याला कळते, की १५ पॅलेट फोर्कलिफ्टने थेट उतरतील आणि एकाच पॅलेटसाठी मोजणारा माणूस लागेल. पॅलेट न वापरता खोके सुटे भरले असतील तर ते ठळकपणे कळवावे, कारण मग माथाडी टोळी आधी बोलवावी लागते.

गाडीचा क्रमांक, चालकाचा मोबाइल, एलआर म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीचा क्रमांक आणि ई-वे बिल क्रमांक हे तपशील गाडी भरून सील लागल्यावरच पाठवावेत. आदल्या दिवशी वाहतूकदाराने सांगितलेली गाडी सकाळी बदललेली असते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

वाटेत गाडी बदलली तर मात्र खरी परीक्षा होते. एकदा आमची गाडी कसारा घाटात बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत चढवला. वाहतूकदाराने ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये नवा क्रमांक भरला, पण गोदामाला पाठवलेली सूचना आम्ही सुधारली नाही. गेटवरच्या यादीत जुनाच क्रमांक असल्याने गाडी चार तास बाहेर उभी राहिली आणि माल उतरवायला ठरलेला डॉक दुसऱ्या गाडीला गेला. तेव्हापासून ई-वे बिल बदलले, की त्याच क्षणी त्याच एएसएन क्रमांकावर सुधारित सूचना पाठवायची, असा नियम आम्ही केला. नवा एएसएन क्रमांक घेतला तर गोदामाला एकाच मालाच्या दोन गाड्या येणार असे वाटते.

पोहोचण्याची वेळ नकाशावरच्या अंतराने काढू नये. गाडी गेटबाहेर पडल्याची वेळ धरून, चालकाचे जेवण आणि ठाणे-भिवंडी भागातील अवजड वाहनांच्या बंदीचे तास मिळवून ‘दुपारी २ ते ४’ असा पट्टा द्यावा. त्यात तासाभराहून जास्त फरक पडणार असे दिसताच गोदामाला फोन करावा, कारण ईमेल डॉकवर कोणी वाचत बसलेले नसते.