प्रकाशवर्ष आणि व्याधाचं अंतर

प्रश्न: व्याधाचा तारा ८.६ प्रकाशवर्षं लांब आहे असं वाचलं. म्हणजे यानाने गेलं तर साडेआठ वर्षांत पोचू का? प्रकाशवर्ष हा काळच ना?

नाही, ते अंतर आहे. प्रकाश निर्वात पोकळीतून सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जातो. वर्षभरात साधारण ३ कोटी १५ लाख ५८ हजार सेकंद असतात. गुणाकार केला की ९ लाख ४६ हजार कोटी किलोमीटर येतात. तेवढं एक प्रकाशवर्ष.

साडेआठ वर्षं लागतात ती प्रकाशाला. व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललंय. त्या वेगाने व्याधाइतकं अंतर कापायला दीड लाख वर्षं लागतील.

गोंधळ का होतो, तेही उघड आहे. "स्टेशन दहा मिनिटांवर आहे" असं आपण सर्रास म्हणतो, फक्त तिथे चालत की रिक्षाने हे विचारावं लागतं. प्रकाशवर्षात चालणारा ठरलेला आहे आणि त्याचा वेग बदलत नाही, म्हणून ते पक्कं माप होतं. त्यातून आकडाही फसवतो: व्याध ८.६ प्रकाशवर्षं लांब, आणि आज दिसणारा त्याचा प्रकाश निघालाही ८.६ वर्षांपूर्वीच. मग बातम्यांत "लाखो प्रकाशवर्षांपूर्वी स्फोट झाला" असं बिनदिक्कत छापून येतं. तिथे प्रकाशवर्षाच्या जागी किलोमीटर घालून बघा, चूक लगेच कळते.

गंमत म्हणजे व्याधाचं अंतर मोजताना प्रकाशाच्या प्रवासाला कुणी घड्याळ लावलेलं नाही. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांपुढे किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. व्याधाचा पराशय सुमारे ०.३८ विकला आहे, आणि एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. हा कोन आणि पृथ्वी-सूर्य अंतर माहीत असलं की बाकी निव्वळ त्रिकोणमिती. १८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर असंच काढलं होतं. खगोलशास्त्रज्ञ आपसात बोलताना तर बहुतेक वेळा पार्सेकच वापरतात. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं, आणि त्याच्या नावात वर्ष नसल्यामुळे हा घोळही होत नाही.

शिवाय वर्षं आणि प्रकाशवर्षं यांचे आकडे जुळतात ते जवळच्या ताऱ्यांपुरतेच. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, पण आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची कड आज साधारण ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. प्रकाश वाटेत असताना अवकाश प्रसरण पावत राहिलं, म्हणून ज्या ठिकाणाहून तो निघाला ते ठिकाण एव्हाना कितीतरी लांब गेलंय.