नोंदी माझ्याच अक्षरात, पण वाक्यं कुणाची?

"मॅडम, मी एमए इतिहासला आहे. बहात्तरच्या दुष्काळावर आणि रोजगार हमीवर निबंध लिहितेय. दोन महिने वाचून वहीची चाळीस पानं भरली. सरांनी कच्च्या मसुद्यात तीन परिच्छेदांखाली रेघ मारून 'हे कुणाचं?' असं लिहिलंय. वही उघडली तर मलाच सांगता येईना, कुठलं वाक्य पुस्तकातलं आणि कुठलं माझं. मी मुद्दाम उतरवलं नव्हतं. आता सगळं पुन्हा वाचू का? पंधरा दिवसच राहिलेत."

सगळं पुन्हा वाचायची गरज नव्हती. ही विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातल्या गावातून शहरातल्या महाविद्यालयात येते. वही तिने सोबतच आणली होती. अक्षर नेटकं, पानांवर तीन रंगांचे हायलायटर. पिवळा म्हणजे महत्त्वाचं, गुलाबी म्हणजे फार महत्त्वाचं, हिरवा म्हणजे परीक्षेला येईल. रंगांवरून वाक्य किती महत्त्वाचं ते कळत होतं, पण ते कुणाचं हे एकही रंग सांगत नव्हता. शिवाय हायलायटर फिरतो तो लिहून झाल्यावर, आणि वाक्याचा मालक कोण हे नक्की माहीत असतं ते फक्त लिहिताना. आठवडाभरात पुस्तकाची भाषा कानाला ओळखीची होते आणि ओळखीचं वाक्य आपलंच वाटायला लागतं.

घोळ नेमका कुठे झाला ते पाहण्यासाठी तिच्या वहीतली एक नोंद घेऊ. पुस्तकाचं वाक्य इथे बदललं आहे. खालचा मजकूर नमुन्यासाठी रचलेला आहे, त्यातलं विधान इतिहास म्हणून कुणी उचलू नये. समजा पुस्तकात असं आहे: "कामावर येणाऱ्या मजुरांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, मात्र हजेरीपटावर कुटुंबप्रमुख पुरुषाचेच नाव असल्यामुळे त्यांच्या श्रमाची नोंद सरकारी दप्तरात आलीच नाही."

वहीत तिने लिहिलं होतं: "कामावर स्त्रियांचे प्रमाण मोठे, पण हजेरीपटावर पुरुषाचेच नाव असल्याने त्यांच्या श्रमाची नोंद दप्तरात आली नाही. म्हणजे मजुरांचे आकडे वापरताना जपून."

पहिलं वाक्य धड उतारा नाही, धड सारांशही नाही. "मात्र"चं "पण" झालं, "असल्यामुळे"चं "असल्याने" झालं, चार-पाच शब्द गळले, बाकी वाक्याचा सांगाडा लेखकाचाच राहिला. पुस्तक समोर उघडं ठेवून लिहिलं की असंच होतं. डोळा ओळीवर असतो आणि हात तेवढे प्रत्यय बदलत जातो. मराठीत प्रत्यय बदलला की वाक्य वेगळं वाटतं, म्हणून हा सापळा आपल्याकडे जास्त फसवा आहे.

दुसरं वाक्य मात्र पूर्ण तिचं होतं. सरांनी रेघ मारलेल्या परिच्छेदात तेही होतं, आणि "हे कुणाचं?" याला तिने "पुस्तकातलंच असेल" असं उत्तर दिलं होतं. उचलेगिरीच्या भीतीत या नुकसानीकडे कुणाचं लक्ष जात नाही. सरमिसळ झालेल्या वहीत दुसऱ्याचं आपल्या नावावर येतं तसं आपलंही दुसऱ्याच्या नावावर जातं. निबंधातला खरा मुद्दा तिने स्वतः काढला होता आणि तोच ती सोडून द्यायला निघाली होती.

मग नवी मांडणी ठरवली. फुलस्केप वहीच्या पानाला उजवीकडून साधारण एक तृतीयांशावर उभी घडी घालायची. घडीच्या डावीकडे पुस्तक, उजवीकडे आपण. कितीही छोटी शंका असली तरी ती डावीकडे लिहायची नाही. पानाच्या डोक्यावर लेखक, पुस्तक, आवृत्तीचं साल आणि पुस्तक कुठून आणलं तेवढं एकदाच लिहायचं. डावीकडची प्रत्येक नोंद एका अक्षराने सुरू होते आणि पृष्ठक्रमांकाने संपते: जसंच्या तसं घेतलं तर "उ", पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर "सा". अक्षर आधी लिहायचं, वाक्य नंतर. म्हणजे पेन टेकवण्याआधी आपण काय करतोय ते ठरवावंच लागतं.

रंग का नकोत, असं तिने विचारलं. रंग चालतील, पण त्यांच्यावर विसंबून चालणार नाही. निळं पेन घरी राहिलं की त्या दिवशीच्या नोंदी बिनरंगाच्या होतात, आणि वहीची झेरॉक्स काढली की सगळे रंग एकच. अक्षर आणि जागा झेरॉक्समध्येही तशीच राहते.

"उ"च्या नोंदीत अवतरणचिन्ह उघडताना सहसा कुणी चुकत नाही, चुकतं ते बंद करताना. बंद केलंच नाही तर पुढची स्वतःची ओळही उताऱ्यात ओढली जाते. म्हणून चिन्ह बंद केल्याशिवाय पृष्ठक्रमांक लिहायचा नाही, अशी सवय लावली. मधले शब्द गाळले तर तीन टिंबं, आपला शब्द घातला तर चौकटी कंस. उतारा दोन पानांवर गेला असेल तर जिथे पान उलटलं तिथे तिरपी रेघ, कारण निबंधात त्यातला अर्धाच भाग घेतला तर कुठलं पान द्यायचं हे त्या रेघेवरूनच कळतं.

"सा"साठी परिच्छेद वाचायचा, पुस्तक पालथं घालायचं, शेजारच्या मैत्रिणीला सांगतोय असं लिहायचं आणि मग पुस्तक उघडून ताडून पाहायचं. ताडताना दोन गोष्टी बघायच्या. सलग चार-पाच शब्द तेच आलेत का? आणि शब्द वेगळे असले तरी वाक्याची चाल तीच आहे का, म्हणजे आधी प्रमाण, मग मात्र, मग कारण? दोन्हींपैकी एक सापडलं तर पुन्हा लिहायचं. दुसऱ्या खेपेलाही जमलं नाही तर हट्ट न करता सरळ "उ" करून टाकायचा. बहुतेक वेळा तो परिच्छेद आपल्याला अजून कळलेला नसतो.

तीच नोंद तिने नव्याने केली ती अशी:

उ: "त्यांच्या श्रमाची नोंद सरकारी दप्तरात आलीच नाही" पृ. ४५

सा: बायका कामावर होत्या, पण हजेरीला घरातल्या गड्याचं नाव लागायचं, म्हणून कागदावर त्या दिसत नाहीत, असं लेखकाचं म्हणणं. पृ. ४५

उजवीकडे: मला वाटतं, मग मजुरांच्या आकड्यांवरून बायका किती हे काढताच येणार नाही. हे सगळ्या कामांवर होतं की लेखकाने पाहिलेल्या एखाद्याच कामावर? बघायचंय.

दोन बारकावे इथे दिसतात. "सा"मध्ये "असं लेखकाचं म्हणणं" हे शब्द नोंदीतच आहेत. "असे दिसते", "असे म्हणता येईल" ही आपल्या लेखनातली लाडकी वाक्यं कर्ता लपवतात. दिसते कुणाला? वहीत ती नकोतच. आणि उजवीकडची प्रत्येक नोंद "मला" किंवा "मी"ने सुरू होते. निबंधात ते "मला" काढता येईल, पण नोंद फोनमध्ये उतरवली, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवली आणि घडी गेली, तरी मालक कळतो.

इंग्रजी पुस्तकांची गोष्ट वेगळी. तिच्या चाळीसपैकी बारा पानं इंग्रजी अहवाल आणि लेखांवरून थेट मराठीत घेतलेली होती. "मराठी तर माझीच आहे ना?" शब्द तिचे, पण वाक्यामागचा विचार आणि त्याचा क्रम मूळ लेखकाचा. म्हणून तिसरं अक्षर "भा", म्हणजे भाषांतर. कळीचं वाक्य असेल तर खाली मूळ इंग्रजी ओळही उतरवायची. नाहीतर महिन्याने तेच मराठी वाक्य अवतरणात जातं आणि लेखकाने न लिहिलेले शब्द त्याच्या तोंडी पडतात. किंवा उलट, ते बिनसंदर्भाचं आपलं म्हणून जातं. निबंधात "भा"ला संदर्भ लागतोच, आणि ते वाक्य अवतरणात घेतलं तर "भाषांतर माझे" हेही लागतं.

तिने कुठेतरी ऐकलं होतं की सलग चौदा शब्दांपर्यंत उचललं तर चालतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत चौदा शब्दांचा उल्लेख आहे, पण तो सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळणाऱ्या शब्दांपुरता, साम्य मोजताना वगळण्यासाठी. तेरा शब्द बिनधास्त घ्या, असा त्याचा अर्थ होत नाही. सर्वसामान्य माहितीला अवतरण लागत नाही हे खरं. रोजगार हमीचा कायदा १९७७चा, तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ला, हे कुणाचंही वाक्य नाही. तरी अशा नोंदीपुढेही पृष्ठक्रमांक हवा. योजना कायद्याआधीच, दुष्काळाच्या काळात सुरू झाली होती. एका पुस्तकात योजनेचं साल आणि दुसऱ्यात कायद्याचं साल असतं, आणि वहीत नुसतं "१९७७ साली सुरू" एवढंच उरतं. तिच्याही वहीत तसंच होतं.

राहिली जुनी चाळीस पानं. ती नव्याने लिहायची नव्हती. मसुद्यात जी वाक्यं आली होती तेवढीच वहीत शोधायची, मालक खात्रीने आठवला तर अक्षर टाकायचं, नाहीतर "?". प्रश्नचिन्हाची ओळ मूळ पुस्तकाशी जुळेपर्यंत निबंधात येणार नाही. संशयित ओळी ओळखायलाही खुणा असतात. तुटक नोंदींमध्ये अचानक एक गुळगुळीत, पूर्णविरामापर्यंत नीट गेलेलं वाक्य. "तत्कालीन प्रशासकीय यंत्रणा"सारखे, बोलताना आपण कधीच न वापरणारे शब्द. आधारच न दिसणारा नेमका आकडा.

अशा एकवीस ओळी निघाल्या. दोन दुपारी ग्रंथालयात बसून चौदा जुळल्या. त्यातल्या नऊ "उ" झाल्या आणि पाच तिने पुस्तक मिटून पुन्हा लिहिल्या. चार कुठेच सापडल्या नाहीत, त्या काढून टाकल्या. त्यातली एक तिला फार आवडत होती, पण इलाज नव्हता.

उरलेल्या तीन ओळी मिलो या परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरीबद्दल, दुष्काळात वाटलेल्या सुकडीबद्दल आणि खडी फोडायच्या कामाबद्दल होत्या. त्या तिने सगळ्या पुस्तकांत शोधल्या. शेवटी लक्षात आलं की त्या पुस्तकातल्या नव्हत्याच. सुट्टीत गावी गेल्यावर आजी बोलली होती आणि तिने ते बोलणं प्रमाण भाषेत करून लिहिलं होतं. फोनमध्ये ध्वनिमुद्रण होतं. आता त्या ओळींपुढे "उ" आहे, शब्द आजीच्या बोलीतच आहेत, आणि पृष्ठक्रमांकाच्या जागी ध्वनिमुद्रणाची तारीख आणि त्यातली वेळ आहे: १२ मिनिटं ४० सेकंद.