रविवारी मोजलेली वाट सोमवारी चालत नाही

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा काल रात्रीचा निरोप मिळाला. हॉस्टेल दत्त मंदिर चौकाच्या आतल्या गल्लीत मिळालं, कॉलेज नाशिकरोडलाच, आणि क्लास कॅनडा कॉर्नरला, संध्याकाळी पाच ते आठ. "रविवारी एकदा जाऊन येते, मग वाट पाठ होईल," असं तू लिहिलंस. तेवढं वाचलं आणि लगेच कागद घेऊन बसले. मी धुळ्याला येण्याआधी कितीतरी वर्षं हाच रस्ता रोज केला आहे, आणि सुरुवातीला हीच चूक मीही केली होती.

मी रविवारी सकाळी अकराला निघाले होते. बस लगेच मिळाली, बसायला जागा मिळाली, उपनगर, गांधीनगर, द्वारका कधी मागे पडलं ते कळलंही नाही. अर्ध्या तासाच्या आत सीबीएस, म्हणजे शहरातला मध्यवर्ती बसस्टँड. वाटलं, हे तर सोपं आहे. सोमवारी दुपारी चारनंतर तोच रस्ता धरला, तर द्वारकेच्या अलीकडेच गाडी उभी राहिली. पुढे ट्रक, डाव्या हाताला रिक्षा, समोरून वळणाऱ्या गाड्या. घड्याळाकडे बघत बघत एकोणीस मिनिटं तिथेच गेली. पहिल्याच दिवशी मी वीस मिनिटं उशिरा पोचले आणि शेवटच्या बाकावर दाराजवळ बसले. फळ्यावरचं अर्धं पुसलं गेलं होतं.

द्वारकेला असं का होतं ते एकदा समजून घे, म्हणजे तिथे अडकलीस तरी चिडचिड होणार नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता हे दोन्ही तिथे भेटतात. महामार्गाच्या लांबच्या गाड्या वरच्या उड्डाणपुलाने निघून जातात. खाली उरतात पंचवटीकडून, नाशिकरोडकडून आणि शहरातून येणारे सगळे, आणि प्रत्येकाला वेगळीकडे वळायचं असतं. म्हणून रविवारी सकाळी तिथे काही जाणवत नाही आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी सगळं तिथेच तुंबतं. चाचणी करायची तर क्लासच्याच वारी, क्लासच्याच वेळेला कर. नुसती वाट पाठ करायला रविवार चालेल, वेळ ठरवायला चालणार नाही.

दत्त मंदिराच्या थांब्यावर आलीस की गाडीच्या पाटीवर फक्त शेवटचं ठिकाण वाचू नकोस. "निमाणी" दिसलं म्हणजे ती सीबीएसवरून जाणारच, असं धरून चालू नकोस. "मार्गे" कुठून ते वाच आणि पायरीवर पाय ठेवतानाच कंडक्टरला विचार, "सीबीएस जाणार ना?" जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक शहरात बस चालवते. त्याआधी शहरातल्या बसही एसटीच्याच होत्या, म्हणून अजून जुनी माणसं "एसटीने ये" म्हणतात. तुला शहर बस हवी, हे लक्षात ठेव. सीबीएस म्हटलं की नवख्या माणसाचा आणखी एक घोळ होतो. जुनं सीबीएस, ठक्कर बाजारचं नवं सीबीएस आणि मेळा स्टँड ही तिन्ही जवळजवळ आहेत. गावाहून एसटीने येशील तेव्हा त्यांपैकी कुठेही उतरशील, पण शहर बस तुला रस्त्यावरच्या थांब्यावर सोडेल. कोर्ट दिसलं की समज, तू योग्य जागी आहेस.

तिथून शरणपूर रोड धर. पायी चालायला हा रस्ता चांगला आहे, सरळ आहे. महापालिकेचं राजीव गांधी भवन लागेल, ते मागे टाकून पुढे गेलीस की कॅनडा कॉर्नर. तिथूनच कॉलेज रोड फुटतो. क्लास त्याच्या अलीकडच्या गल्लीत असेल तर साधारण अठरा मिनिटं धर. माझं चालणं तसं बेताचं होतं, तुझं थोडं जलद असेल, पण पाठीवर पुस्तकांची पिशवी असते हे विसरू नकोस. चौक ओलांडताना सिग्नल लागतो, तोही या अठरात धरलेला आहे.

आता मुख्य काम. एक छोटी वही कर आणि पहिले दहा दिवस चार गोष्टी लिही: हॉस्टेलच्या दारातून किती वाजता निघालीस, बसमध्ये किती वाजता चढलीस, सीबीएसला किती वाजता उतरलीस आणि क्लासच्या दारात किती वाजता पोचलीस. एवढंच. मी माझ्या वहीतले दहा दिवस तुला सांगते. बसमधला वेळ मिनिटांत असा होता: २८, ३१, ३०, ३४, २९, ४७, ३३, ३६, ३१, ५२.

सरासरी काढलीस तर पस्तीस येते. सरासरीवर निघालीस तर हिशोब असा होतो. पाचच्या पाच मिनिटं आधी, म्हणजे ४:५५ ला दारात असायचं. त्यातून चालण्याची १८ वजा, बसची ३५ वजा, थांब्यावरची सरासरी ७ वजा, हॉस्टेलपासून थांब्यापर्यंतची ९ वजा. निघायचं ३:४६ ला. आता ४७ आणि ५२ मिनिटांचे दिवस बघ. त्या दोन्ही दिवशी क्लास सुरू झाल्यावरच दारात पाय पडला असता. आठवड्यातून एकदा उशीर झाला, तरी तो नेमका नवा धडा सुरू होण्याच्या दिवशीच होतो.

दुसरं टोकही चुकीचं आहे. सगळ्याचा वाईटात वाईट आकडा घेऊन बेरीज करायची: ९ चालायला, १५ थांब्यावर, ५२ बसमध्ये, १८ पुढे. असे ९४ होतात, म्हणजे ३:२१ ला निघायचं. पण वही उघडली की दिसतं, बसची वाट पंधरा मिनिटं पाहिली त्या दिवशी रस्ता बरा होता, आणि रस्ता तुंबला त्या दिवशी बस चटकन मिळाली होती. दोन्ही एकदम क्वचित घडतं. म्हणून तुकड्यांची बेरीज न करता दारापासून दारापर्यंतचा एकूण वेळ बघायचा. माझ्या दहा दिवसांत सगळ्यात मोठा एकूण वेळ ८५ मिनिटं होता, बाकी सगळे ७८ च्या आत. मी ३:३५ ही वेळ ठरवली. ७८ च्या दिवशी ४:५३ ला पोचायचे, ८५ च्या दिवशी बरोबर पाचला. बाकी दिवशी थोडं आधी पोचून काल काय झालं ते वाचून काढायचे. तुझे आकडे वेगळे येतील, पण रीत हीच ठेव. दहा दिवसांत एकही तुंबलेला दिवस आला नाही तर आणखी पाच दिवस लिही. तो दिवस दिसल्याशिवाय वेळ ठरवू नकोस.

रस्त्यात एक निर्णय मात्र जागच्या जागी घ्यावा लागतो. द्वारकेला अडकलीस तर बसून राहा. तिथून पायी निघण्यात काही मिळत नाही, अंतर बरंच उरलेलं असतं. पण सारडा सर्कल ओलांडून शालिमारला पोचलीस आणि गाडी तिथे मुंगीच्या पावलाने चालू लागली, तर उतर आणि सीबीएसच्या दिशेने चालायला लाग. तिथून सीबीएस चालत दहाएक मिनिटांवर आहे. मी कितीदा उतरून पुढे गेले आहे आणि तीच बस माझ्यामागून सीबीएसला आली आहे. शालिमारला गर्दी फार असते, तेव्हा मोबाईल हातात न ठेवता पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेव.

परतीचं मला जास्त सांगायचं आहे, कारण जायची वाट सगळे विचारतात, परतीची कोणी विचारत नाही. जिथे उतरलीस त्याच्या नेमका समोर परतीचा थांबा असेलच असं नाही. तो दिवसाउजेडी बघून ठेव, रात्री आठ वाजता शोधत फिरू नकोस. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं चालू आहेत, त्यात थांबा थोडा पुढेमागे सरकू शकतो, म्हणून दर महिन्याला एकदा खात्री कर. आठला क्लास सुटला की ८:२० च्या सुमारास तू सीबीएसला असशील. परतीच्या बसचा वेळही वहीत लिही, वेगळ्या रकान्यात, कारण तो जाण्याच्या वेळेसारखा नसतो.

हॉस्टेलचं दार साडेनऊला बंद होतं असं तू लिहिलंस. दत्त मंदिरापासून आत चालायला नऊ मिनिटं, रात्रीच्या लांबच्या वाटेने अकरा, म्हणजे ९:१५ ला बसमधून उतरायला हवं. बसला चाळीस मिनिटं धर. मग ८:३५ ही तुझी चढण्याची शेवटची वेळ झाली. ही वेळ आजच वहीच्या पहिल्या पानावर लिही. ८:३५ पर्यंत गाडी आली नाही तर आणखी पाच मिनिटं, आणखी पाच मिनिटं करत उभी राहू नकोस. आधी वॉर्डनना फोन कर, "बस मिळाली नाही, उशीर होईल" एवढं सांग. मग शालिमारला जा. तिथून नाशिकरोडला शेअर रिक्षा मिळतात. पण एकटी बसू नकोस. आधीपासून कुणी बाई बसलेली असेल किंवा तुझी वर्गातली मैत्रीण सोबत असेल तरच बस. पहिल्या आठवड्यातच वर्गात विचार, नाशिकरोडकडे कोण जातं. एक तरी मुलगी निघतेच.

हॉस्टेलच्या गल्लीत शिरायला दोन वाटा आहेत, असं तू म्हणालीस. रात्रीच्या वेळी लांबची, पण दुकानांवरून जाणारी वाट धर. दोन मिनिटं जास्त लागतील, ती वरच्या हिशोबात आधीच धरली आहेत.

कॉलेजचं बोनाफाईड काढून विद्यार्थी पासची चौकशी या आठवड्यातच कर, म्हणजे रोज सुट्टे पैसे शोधायला नकोत. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. भर गर्दीत ओली छत्री घेऊन उभं राहणं फार जड जातं. पावसाळ्यात वहीतले आकडे पुन्हा तपास, पहिल्या जोरदार पावसाच्या दिवशी बसमधला वेळ किती वाढतो ते खास बघ. गणपतीत मिरवणुकीच्या दिवशी मध्य शहरातले रस्ते बंद असतात, तेव्हा बस कुठून वळवली आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेव.

दहा दिवस झाले की वहीच्या पानाचा फोटो मला पाठव. परतीचा रकाना नीट दिसेल असा काढ, मला तोच आधी बघायचा आहे.

तुझी,
मावशी